विश्लेषण : ‘९४ टक्के निधी खर्च’ म्हणजे बचत की जादा खर्च? शाळेतल्या खिचडीच्या हिशोबातून समजून घ्या

मार्च संपत आला की सिंधुदुर्गनगरीतल्या बैठकांच्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास दिसते. अमुक विभागाचा ९४ टक्के निधी खर्च झाला, तमुक विभागाचा ७१ टक्केच झाला. पहिल्याला शाबासकी मिळते, दुसऱ्याला जाब विचारला जातो. खासगी कंपनीत नेमके उलटे होते. तिथे ९४ टक्के खर्च करणारा मॅनेजर ‘सहा टक्के वाचवले’ म्हणून मिरवतो.

कौतुक कुणाचेही होवो, दोन्हीकडे हिशोबाची पद्धत एकच असते. वर्षाच्या सुरुवातीला मंजूर झालेला आकडा एका बाजूला, झालेला खर्च दुसऱ्या बाजूला आणि मग वजाबाकी. मधल्या काळात काम किती झाले, हा प्रश्न त्या वजाबाकीत कुठेच येत नाही. हिशोबशास्त्रात याला स्थिर अंदाजपत्रकाशी तुलना म्हणतात. ती कशी फसवते, हे पाहायला शालेय पोषण आहारासारखे दुसरे चांगले उदाहरण नाही. या योजनेचे दर जाहीर आहेत, नियम ठरलेले आहेत आणि काम मोजणेही सोपे आहे. आज किती मुले जेवली, एवढेच तर मोजायचे असते.

योजनेत पैसा कसा ठरतो?

आपण जिला अजूनही ‘शाळेतली खिचडी’ म्हणतो, त्या योजनेचे नाव सप्टेंबर २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना’ असे आहे. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० आणि ४० टक्के आहे. तांदूळ केंद्राकडून मिळतो. प्रमाण असे की, पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम.

डाळ, तेल, भाजी, मीठमसाला आणि इंधन यांसाठी दर मुलामागे, दर दिवसाला ठरावीक रक्कम असते. १ मे २०२५ पासून केंद्राने ठरवलेला हा दर प्राथमिकसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे आहे. मुलगा जेवला तर हा खर्च होतो, जेवला नाही तर होत नाही. अशा खर्चाला बदलता खर्च म्हणतात.

तिसरा भाग स्वयंपाकी आणि मदतनिसांचा. केंद्राच्या निकषानुसार २५ पर्यंत पट असलेल्या शाळेला एक, २६ ते १०० पटाला दोन आणि पुढे प्रत्येक शंभरामागे आणखी एक. केंद्राच्या हिशोबात त्यांचे मानधन महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. महाराष्ट्राने त्यात स्वतःची भर घालून ते २,५०० रुपये केले आहे. (चूल फुंकणाऱ्या बाईला दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये मिळतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आपल्या हिशोबासाठी महत्त्वाचे एवढेच की, वर्गात २० मुले आली काय किंवा १२ आली काय, स्वयंपाक करणाऱ्या ताईचे मानधन तेवढेच राहते. हा स्थिर खर्च झाला.

मंजूर आकडा आणि जेवलेली मुले यांत फरक का पडतो?

वार्षिक आराखडा आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या आसपास तयार होतो. तेव्हा हाताशी मागच्या वर्षीची हजेरी असते. शाळा मात्र जूनच्या मध्यावर उघडतात. पहिलीत किती मुले येणार, किती कुटुंबे गाव सोडून मुंबईला किंवा गोव्याला जाणार, किती जण इंग्रजी शाळेची गाडी धरणार, हे आराखडा करताना माहीत नसते.

सिंधुदुर्गात हा फरक बहुधा एकाच दिशेने पडतो. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत माणसे घटली. याचा पहिला परिणाम वाडीवरच्या शाळेच्या पटावर दिसतो.

शिवाय दिवसही कमीजास्त होतात. जुलैत अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. त्या दिवशी जिल्ह्यात एकही ताट वाढले जात नाही. म्हणजे कामाचे माप ‘किती मुले’ एवढेच नाही, ‘किती मुले गुणिले किती दिवस’ असे आहे. सोयीसाठी आपण त्याला ‘ताटे’ म्हणू.

आता हिशोब करून पाहू

जिल्हा परिषदेच्या शाळांची रचना केंद्रनिहाय असते. आठ-दहा शाळांवर एक केंद्रप्रमुख. समजा, असे एक केंद्र आहे. केंद्र काल्पनिक आहे, दर आणि निकष मात्र वर दिलेलेच वापरले आहेत. दहा प्राथमिक शाळा, रोज सरासरी ६०० मुले जेवतील आणि २०० दिवस आहार मिळेल, असे गृहीत धरून अंदाजपत्रक केले. ताटे झाली १ लाख २० हजार.

६.७८ रुपये दराने आहाराचा खर्च ८ लाख १३ हजार ६०० रुपये. दहापैकी चार शाळांचा पट २५ च्या आत आणि सहा शाळांचा त्याच्या वर, म्हणून स्वयंपाकी-मदतनीस १६. त्यांचे दहा महिन्यांचे मानधन ४ लाख रुपये. एकूण मंजुरी १२ लाख १३ हजार ६०० रुपये.

वर्ष संपले. काही मुले गेली, काही दिवस पावसाने खाल्ले आणि प्रत्यक्षात १ लाखच ताटे वाढली गेली. आहारावर ७ लाख ४० हजार खर्च झाले, मानधन ठरल्याप्रमाणे ४ लाख. एकूण ११ लाख ४० हजार.

आता बैठकीतली वजाबाकी करा. मंजूर १२,१३,६००, खर्च ११,४०,०००. म्हणजे ९४ टक्के निधी खर्च आणि ७३ हजार ६०० रुपये शिल्लक. कुणाचीच तक्रार नाही. फाईल बंद.

पण थांबा. १२ लाख १३ हजार ही रक्कम १ लाख २० हजार ताटांसाठी होती. ताटे वाढली गेली १ लाख. तेव्हा विचारायला हवा तो प्रश्न असा की, १ लाख ताटांना याच दराने किती खर्च यायला हवा होता? आहार ६ लाख ७८ हजार, मानधन ४ लाख, एकूण १० लाख ७८ हजार. झाला ११ लाख ४० हजार. म्हणजे केंद्राने ६२ हजार रुपये जादा खर्च केले. हीच टक्केवारी आता १०६ च्या घरात जाते.

१० लाख ७८ हजारांचा हा आकडा म्हणजे लवचिक अंदाजपत्रक. दर जुने, नियम जुने, फक्त कामाचे प्रमाण प्रत्यक्षातले. अंदाजपत्रक वाकवले ते खर्चाला सोयीचे व्हावे म्हणून नाही. जेवढे काम झाले तेवढ्याच कामाशी तुलना व्हावी म्हणून ते वाकवले.

मग ७३ हजारांची शिल्लक आली कुठून?

ती दोन गोष्टींची बेरीज आहे आणि त्या दोन्ही उलट्या दिशेला ओढतात. २० हजार ताटे कमी वाढली गेली, त्यामुळे १ लाख ३५ हजार ६०० रुपये आपोआप वाचले. यात कुणाचे कर्तृत्व नाही. मुले आली नाहीत, एवढेच. दुसरीकडे, जी ताटे वाढली गेली त्यांच्यावर ६२ हजार जादा गेले. १,३५,६०० मधून ६२,००० वजा करा, बरोबर ७३,६०० उरतात.

स्थिर अंदाजपत्रकाशी केलेली तुलना हे दोन आकडे एकमेकांत मिसळते. ज्याची चौकशी व्हायला हवी ते ६२ हजार, ज्यावर कुणाचा ताबा नाही अशा १ लाख ३५ हजारांच्या मागे लपतात.

उलटेही घडते आणि ते जास्त अन्यायाचे आहे. समजा, महामार्गालगतचे, वस्ती वाढत असलेले दुसरे एक केंद्र आहे. अंदाजपत्रक तेच १ लाख २० हजार ताटांचे, पण प्रत्यक्षात १ लाख ४० हजार ताटे झाली. आहारावर ९ लाख ३० हजार खर्च झाले. मंजूर रकमेपेक्षा हे १ लाख १६ हजार ४०० रुपयांनी जास्त, म्हणून केंद्रप्रमुखाला खुलासा मागितला जाईल. पण १ लाख ४० हजार ताटांना ६.७८ प्रमाणे ९ लाख ४९ हजार २०० रुपये लागायला हवे होते. या केंद्राने १९ हजार २०० रुपये कमीच खर्च केले. ज्याने जपून हात चालवला त्याला नोटीस आणि ज्याचा हात सैल सुटला त्याला शाबासकी, असा हा प्रकार.

एसटीच्या संपाच्या काळात, २०२१-२२ च्या हिवाळ्यात, डेपोंचा डिझेलचा खर्च कोसळला होता. त्याला कुणी इंधनबचत म्हटले नाही, कारण गाड्या उभ्या आहेत हे रस्त्यावरून दिसत होते. शाळेतली कमी झालेली वीस मुले अशी रस्त्यावरून दिसत नाहीत. फसगत तिथेच होते.

सगळाच खर्च त्याच प्रमाणात कमी करायचा का?

लवचिक अंदाजपत्रक शिकलेला माणूस पुढची चूक इथे करतो. ताटे सहाव्या हिश्शाने घटली ना, मग अख्खे अंदाजपत्रक सहाव्या हिश्शाने कापा. तसे केले तर १२ लाख १३ हजार ६०० चे १० लाख ११ हजार ३३३ होतात आणि आपल्या पहिल्या केंद्राचा जादा खर्च ६२ हजारांऐवजी जवळजवळ १ लाख २९ हजार दिसू लागतो. यातले ६७ हजार निव्वळ काल्पनिक आहेत. सहा मुले कमी आली म्हणून कुठल्या शाळेने ताईचे मानधन कापायचे होते?

म्हणून आधी प्रत्येक खर्च ताटांबरोबर हलतो की नाही, हे तपासावे लागते. हलतो तो वाकवायचा, हलत नाही तो तसाच ठेवायचा. आणि तिसरा एक प्रकार असतो, जो बराच काळ हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. २५ पटाच्या शाळेचा वर्षाचा हिशोब पाहा. आहार ३३ हजार ९००, एका ताईचे मानधन २५ हजार, एकूण ५८ हजार ९००. सव्विसावे मूल दाखल झाले की दुसऱ्या मदतनिसाची जागा निर्माण होते आणि खर्च जातो ८५ हजार २५६ रुपयांवर. एका मुलामागे २६ हजारांची वाढ! यात उधळपट्टी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. निकषाची पायरी ओलांडली गेली, इतकेच. पटावर २४, २५, २६, २७ असे आकडे असलेल्या शाळांचा खर्च वाकवताना ही पायरी आधी पाहावी लागते.

लहान शाळा खरेच ‘महाग’ आहेत का?

हा प्रश्न सिंधुदुर्गात पुस्तकी नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना राज्याने २०२३ मध्ये पुढे आणली, तेव्हा डोंगरकुशीतल्या वाड्यांमध्ये त्याची धास्ती सर्वात जास्त होती. अशा चर्चांमध्ये ‘प्रतिविद्यार्थी खर्च’ हा आकडा हत्यारासारखा वापरला जातो.

आपल्याच दरांनी पाहू. २४ मुलांच्या शाळेत ताईचे मानधन प्रत्येक ताटावर ५ रुपये २१ पैसे बसते. आहाराचे ६.७८ धरून ताट सुमारे १२ रुपयांना पडते. आठ मुलांच्या शाळेत तेच मानधन ताटामागे १५ रुपये ६३ पैसे होते आणि ताट जाते २२ रुपये ४१ पैशांवर. जवळजवळ दुप्पट. पण आठ मुलांच्या शाळेने काय चुकीचे केले? डाळ जास्त घातली नाही, तेल सांडले नाही, ताईला जादा पैसे दिले नाहीत. तिच्या आठ मुलांसाठी लवचिक अंदाजपत्रक केले तर तफावत शून्य येईल. ताट महाग दिसते ते स्थिर खर्च कमी ताटांवर वाटला गेल्यामुळे.

शाळा चालू ठेवावी की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तफावतीच्या तक्त्यात नाही. तिथून मुलाला पुढची शाळा किती दूर, मध्ये वहाळ आहे का, पावसात साकव टिकतो का, यांवर ते ठरेल. पण ‘त्या शाळेचा कारभार खर्चिक आहे’ असे म्हणायला हा आकडा आधार देत नाही.

उलट, लहान शाळेची अडचण दरातच आहे. ग्रामीण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी डाळ, तेल, मसाले पुरवठादारामार्फत येतात आणि दरातला इंधन-भाजीचा हिस्सा तेवढा शाळेच्या वाट्याला येतो. आठ मुलांच्या शाळेचा दिवसाचा संपूर्ण दर मुळात ५४ रुपये २४ पैसे, त्यातला हा एक तुकडा. सरकारी दर इंधनाला पूर्णपणे बदलता खर्च मानतो. मुले पाचपट कमी तर गॅसही पाचपट कमी. पण घरी स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही विचारा. आठ जणांचा भात शिजायला चाळीस जणांच्या भाताच्या पाचव्या हिश्शाइतकाच गॅस लागतो का? पातेले तापायचे ते तापतेच. म्हणजे इंधन हा अर्धा स्थिर, अर्धा बदलता खर्च आहे आणि दर त्याला तसे मानत नाही. अशा शाळेत लवचिक अंदाजपत्रकाशी तुलना करूनही दरवर्षी थोडी तूट दिसत राहील आणि तिचा दोष स्वयंपाकघराचा नसेल. सगळ्या लहान शाळांत एकाच दिशेने, साधारण सारखीच तूट दिसत असेल तर संशय शाळांवर घेण्याऐवजी दराच्या मांडणीवर घ्यावा.

६२ हजारांचे काय करायचे?

पहिल्या केंद्राकडे परत येऊ. जादा खर्च दिसला म्हणजे कुणी पैसे खाल्ले, असा अर्थ लगेच काढता येत नाही. आधी दर बदलला का, ते पाहायचे. २०२४-२५ मध्ये प्राथमिकचा दर ५ रुपये ४५ पैशांवरून १ डिसेंबर २०२४ पासून ६ रुपये १९ पैसे झाला. त्या वर्षाचा अख्खा खर्च कुणी ५.४५ च्या दराशी ताडून पाहिला, तर ताटे अचूक मोजूनही खोटी तूट निघेल. नोव्हेंबरपर्यंतची ताटे जुन्या दराने आणि पुढची नव्या दराने, असा वेगळा हिशोब करावा लागतो.

दर बदलला नसेल तर माल जास्त वापरला गेला की महाग मिळाला, हे वेगळे करायचे. इथे तांदळाची नोंदवही कामी येते, कारण तांदूळ पैशांत नसतो, किलोत असतो. महागाईचा त्याला स्पर्श नाही. १ लाख ताटांना १०० ग्रॅमप्रमाणे १० हजार किलो तांदूळ लागायला हवा. हेही लवचिक अंदाजपत्रकच, फक्त किलोतले. साठा नोंदवहीत खपही दहा हजारांच्या आसपास असेल, तर ताटे आणि मोजमाप बहुधा ठीक आहे आणि ६२ हजारांचे कारण भाजी-इंधनाच्या भावात शोधायला हवे. खप ११-१२ हजार किलो दिसत असेल, तर प्रश्न भावाचा नाही. माप, नासाडी किंवा गळती यांपैकी काहीतरी आहे.

आणखी एक साधी दक्षता. वार्षिक मंजुरीला बाराने भागून दरमहाची तुलना करू नये. मे महिन्यात शाळा बंद, जूनमध्ये अर्ध्या, गणपतीत पुन्हा सुट्टी. बाराव्या हिश्शाशी तुलना केली तर मे महिना दरवर्षी सर्वात काटकसरी ठरेल आणि ऑगस्ट उधळा. महिन्याचे अंदाजपत्रक त्या महिन्याच्या ताटांवरच बेतावे लागते.

या पद्धतीची पोकळी कुठे आहे?

ताटांच्या आकड्यात. लवचिक अंदाजपत्रक काम किती झाले यावर उभे असते, आणि कामाचा आकडा खर्च करणाराच देत असेल तर तो फुगवणे सर्वात सोपे. आपल्या केंद्रात १ लाख ताटांऐवजी १ लाख ९ हजार २०० लिहिली, तर आहाराची अपेक्षित रक्कम ७ लाख ४० हजारांच्या वर जाते आणि ६२ हजारांची तूट गायब होते. तांदळाच्या वहीतही ९२० किलोचा जादा खप बिनबोभाट बसतो. स्थिर अंदाजपत्रकात निदान वरची मर्यादा तरी ठाम असते. इथे मर्यादाच खोट्या हजेरीबरोबर वर सरकते.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी शाळांची विशेष पटपडताळणी झाली, ती पटावर दाखवलेली मुले प्रत्यक्षात आहेत का, हे पाहायला. बरीचशी नव्हती. कागदावरची ही मुले अनुदानाच्या, शिक्षकांच्या जागांच्या आणि आहाराच्याही हिशोबात मोजली जात होती. मुलामागे ठरलेल्या दराशी तुलना केली असती तर अशा शाळांचा खर्च कदाचित अगदी तंतोतंत जुळलाही असता. म्हणून या तक्त्यात ताटांचा रकाना वर्गशिक्षकाच्या हजेरीपटावरून भरावा, आहाराच्या वहीवरून नव्हे, आणि दोन्ही आकडे अचानक भेट देऊन मोजलेल्या डोक्यांशी अधूनमधून जुळवून पाहावेत.